पाकिटावरचे तीन आकडे

ऑक्टोबर 2007 मध्ये अमेरिकेत ‘बँक्वेट’ या नावाने विकल्या जाणाऱ्या गोठवलेल्या पॉट पाय बाजारातून परत मागवण्यात आल्या. पॉट पाय म्हणजे मैद्याच्या पारीखाली चिकन किंवा टर्की, भाज्या आणि दाट रस्सा असलेली वाटीएवढी पाय. अमेरिकेतल्या साध्या घरांत शाळेतून आलेली मुलंसुद्धा ती स्वतः गरम करून खातात. त्या वर्षी 41 राज्यांतल्या 401 जणांच्या साल्मोनेलाच्या आजाराची नोंद या पायशी जोडली गेली. आजारी पडलेल्यांपैकी बहुतेकांनी पाय मायक्रोवेव्हमध्ये केली होती. पाकिटावर सूचना होत्या, पण किती मिनिटं ठेवायचं ते मायक्रोवेव्हच्या वॅटवर अवलंबून होतं आणि आपला मायक्रोवेव्ह किती वॅटचा हे अनेकांना ठाऊकच नव्हतं. पाय बाहेरून वाफाळलेली दिसायची, मधला भाग मात्र जंतू मरतील इतका तापलेला नसायचा.

गोठवलेल्या पदार्थाच्या पाकिटामागे साधारण तीन प्रकारचे आकडे असतात: किती तापमान, किती वेळ शिजवायचं, आणि शिजवून झाल्यावर किती वेळ तसंच ठेवायचं. पाकीट एका देशातलं आणि स्वयंपाकघर दुसऱ्या पद्धतीचं असलं की हे आकडे बदलून घ्यावे लागतात. अमेरिकेत एडिसनला मुलीकडे सहा महिन्यांसाठी गेलेल्या आईला फॅरेनहाइट भेटतं, लंडनला गेलेल्याला ‘गॅस मार्क’ भेटतो, आणि मुंबईत आयात मालाच्या दुकानातून अमेरिकी पाकीट आणणाऱ्याच्या घरी 1100 वॅटचा मायक्रोवेव्ह नसतो. अडचण अशी की हे तीन आकडे एकाच रीतीने बदलत नाहीत. तापमान एका सूत्राने बदलतं, शिजवण्याचा वेळ दुसऱ्या हिशोबाने, आणि तसंच ठेवण्याचा वेळ बदलतच नाही. सगळ्यांना एकच गुणाकार लावला की गडबड होते.

हिशोबासाठी एक पाकीट समोर ठेवू. अमेरिकी दुकानात मिळतं तसं, साधारण 400 ग्रॅमचं, चिकन आणि पास्त्याचं. त्यावरच्या सूचना अशा: वरच्या प्लास्टिकला चीर द्या, 1100 वॅटच्या मायक्रोवेव्हमध्ये पूर्ण शक्तीवर 5 मिनिटं ठेवा, काढून ढवळा, आणखी 2 मिनिटं ठेवा, मग 2 मिनिटं तसंच राहू द्या, आणि मधलं तापमान 165 अंश फॅरेनहाइट झाल्याची खात्री करा. किंवा ओव्हनमध्ये 375 अंश फॅरेनहाइटवर 45 मिनिटं.

आधी मायक्रोवेव्हकडे जाऊ. पहिला प्रश्न आपल्या यंत्राचे वॅट किती हा. यंत्राच्या मागच्या बाजूला किंवा दार उघडल्यावर चौकटीवर एक चंदेरी पट्टी चिकटवलेली असते. तिच्यावर दोन आकडे असू शकतात आणि इथेच बरेच जण फसतात. उदाहरणार्थ 1200 वॅट आणि 800 वॅट. मोठा आकडा यंत्र भिंतीतून किती वीज ओढतं त्याचा, लहान आकडा अन्नाला किती शक्ती मिळते त्याचा. मधला फरक यंत्र स्वतः तापण्यात, पंख्यात आणि दिव्यात जातो. पाकिटावरचे वॅट नेहमी दुसऱ्या प्रकारचे, म्हणजे अन्नाला मिळणाऱ्या शक्तीचे असतात. मोठा आकडा धरून बसलात तर आपलं यंत्र पाकिटावरच्यापेक्षा दमदार आहे असं वाटेल, वेळ कमी कराल, आणि मध्यभागी बर्फ राहील.

पट्टी पुसली गेली असेल किंवा तिच्यावर एकच आकडा असेल तर वॅट मोजता येतात, आणि नव्या यंत्राचेही एकदा मोजावेत असं मी आग्रहाने सांगेन. एका मोठ्या काचेच्या किंवा मायक्रोवेव्हला चालणाऱ्या प्लास्टिकच्या भांड्यात बरोबर एक लिटर पाणी घ्या. वजनकाटा असेल तर 1000 ग्रॅम मोजा, ते जास्त अचूक. पाणी माठातलं किंवा नळाचं असावं, गरम नको. चमच्याने ढवळून थर्मामीटरने तापमान लिहून घ्या. पूर्ण शक्तीवर एक मिनिट ठेवा, लगेच बाहेर काढा, पुन्हा चांगलं ढवळा आणि तापमान घ्या. जेवढे अंश सेल्सिअस वाढले त्याला 70 ने गुणा. आलेला आकडा म्हणजे तुमच्या यंत्राचे वॅट, साधारणपणे. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला सुमारे 4190 जूल लागतात आणि मिनिटाचे सेकंद 60, म्हणून हा 70. ढवळायला विसरू नका. वरचं पाणी खालच्यापेक्षा गरम असतं, आणि न ढवळता थर्मामीटर वर धरला तर यंत्र आहे त्यापेक्षा जोरदार वाटेल.

समजा पाणी 24 वरून 34.5 अंशांवर गेलं. साडेदहा गुणिले 70, म्हणजे 735 वॅट. पट्टीवर 800 लिहिलेलं असताना 735 आले तर यंत्र बिघडलं असं समजायचं कारण नाही. भांड्यानेही थोडी उष्णता घेतलेली असते. शिवाय साध्या, इन्व्हर्टर नसलेल्या मायक्रोवेव्हची शक्ती विजेच्या दाबाबरोबर खालीवर होते. आपल्याकडे उन्हाळ्याच्या संध्याकाळी, शेजारीपाजारी सगळे एसी चालू असताना, घरातला दाब उतरतो आणि मायक्रोवेव्ह मंदावतो. लागोपाठ वापरलं तरी आतला मॅग्नेट्रॉन तापून शक्ती घटते. म्हणून मोजमाप अशा वेळी करावं ज्या वेळी आपण प्रत्यक्षात अन्न गरम करतो, आणि आलेला आकडा कागदावर लिहून यंत्राच्या बाजूला चिकटवून ठेवावा.

आता वेळेचा हिशोब. पाकिटावरचे वॅट भागिले आपले वॅट, आणि आलेल्या आकड्याने पाकिटावरच्या वेळेला गुणायचं. आपल्या उदाहरणात 1100 भागिले 735, म्हणजे जवळजवळ दीड. पहिली 5 मिनिटं साडेसात होतात, ढवळल्यानंतरची 2 मिनिटं 3 होतात. सगळे मिळून साडेदहा मिनिटं एका दमात लावू नका. मधलं ढवळणं ज्या टप्प्यावर सांगितलंय त्याच टप्प्यावर झालं पाहिजे, म्हणून प्रत्येक तुकडा वेगळा बदलायचा. आणखी एक छोटी गोष्ट, पण ती बऱ्याचदा चुकते: गणकयंत्रावर 7.86 मिनिटं आली तर ती 7 मिनिटं 86 सेकंद नव्हेत. दशांश चिन्हानंतरच्या भागाला 60 ने गुणायचं, म्हणजे 7 मिनिटं 52 सेकंद.

हा हिशोब उलट दिशेनेही चालतो. ब्रिटिश पाकिटावर 800 वॅटला 6 मिनिटं लिहिलंय आणि तुमचं यंत्र 1000 वॅटचं आहे, तर 800 भागिले 1000 म्हणजे 0.8, आणि वेळ 4 मिनिटं 48 सेकंद. ब्रिटनमध्ये ही गरज ओळखून 1992 पासून मायक्रोवेव्हवर एक खास खूण छापली जाऊ लागली. तीत वॅटबरोबर ‘ए’पासून ‘ई’पर्यंतचं एक इंग्रजी अक्षरही असे, ‘ए’ सर्वांत मंद आणि ‘ई’ सर्वांत जोरदार. वॅट असताना अक्षर कशाला, असं वाटेल. कारण वॅट मोजतात ते एक लिटर पाण्यावर, आणि जेवणाचं पाकीट असतं तीनचारशे ग्रॅमचं. थोडं अन्न आत ठेवलं की ते तेवढी शक्ती शोषू शकत नाही. काही यंत्रं लहान वजनावर बरीच मंदावतात, काही कमी. म्हणून ते अक्षर 350 ग्रॅम पाण्यावर मोजून ठरवलेलं असे. आज तिकडच्या बहुतेक पाकिटांवर 800 आणि 900 असे दोन वॅटचे स्तंभ दिसतात, पण जुन्या यंत्राच्या दारावर ते अक्षर अजून सापडतं.

हा गुणाकार नेमका किती खरा, हे समजायला पाकिटातल्या अन्नाला किती उष्णता लागते ते एकदा मोजून पाहण्यासारखं आहे. फ्रीझरमध्ये पदार्थ उणे 18 अंश सेल्सिअसला असतो. आपल्या 400 ग्रॅममध्ये सुमारे 280 ग्रॅम पाणी आहे असं धरू. उणे 18 पासून शून्यापर्यंत यायला साधारण 14 किलोजूल लागतात. नंतर बर्फ वितळायला, तापमान एका अंशानेही न वाढता, जवळजवळ 93 किलोजूल खर्च होतात. आणि शून्यापासून 74 अंशांपर्यंत जायला आणखी 104. एकूण 210 च्या आसपास. म्हणजे जवळजवळ निम्मी उष्णता नुसता बर्फ मोडण्यात जाते. गोठवलेलं पाकीट आणि तेच फ्रिजमध्ये रात्रभर ठेवून सैल झालेलं पाकीट यांच्या वेळांत एवढा फरक का, याचं उत्तर इथे आहे. पाकिटावर ‘गोठलेल्या अवस्थेतून शिजवा’ असं लिहिलं असेल तर तो वेळ त्या 93 किलोजूलसह लावलेला असतो.

1100 वॅटचं यंत्र 7 मिनिटांत 460 किलोजूल देतं, आणि गरज 210 ची. बाकीची ऊर्जा नाहीशी होते असं नाही, ती भांड्यात जाते, वाफेत जाते, कडेचा भाग गरजेपेक्षा जास्त तापवण्यात जाते, आणि लहान वजनामुळे काही शोषलीच जात नाही. 735 वॅटवर साडेदहा मिनिटांतही तेवढीच, 460 किलोजूल मिळते. गुणाकार बरोबर आहे तो या अर्थाने. पण सावकाश तापवताना आतल्या आत उष्णता पसरायला जास्त वेळ मिळतो आणि बाहेर जायलाही मिळतो, म्हणून अगदी सेकंदाबरहुकूम उत्तर येईल असं मानू नये. वॅटमधला फरक फार मोठा असला, म्हणजे 1100 चं पाकीट 600 वर, तर हिशोब आणखी ढिला पडतो. काही अमेरिकी पाकिटांवर 1100 पेक्षा कमी वॅटच्या मायक्रोवेव्हमध्ये शिजवू नका असं स्पष्ट लिहिलेलं असतं. तिथे गुणाकार करत बसण्यापेक्षा ओव्हन वापरणं योग्य.

आता या सगळ्याच्या मुळाशी असलेली खोड. मायक्रोवेव्ह लहरी पाण्याला चांगल्या तापवतात, बर्फाला फार थोड्या. बर्फ त्या लहरी पाण्याच्या तुलनेत शेकडो पटींनी कमी शोषतो. गोठलेल्या पदार्थात एखादा कोपरा आधी वितळला की तिथलं पाणी लहरी भराभर घेऊ लागतं, अधिक तापतं, आणि शेजारचा बर्फ मागेच राहतो. म्हणून पास्त्याच्या कडेला रस्सा उकळतोय आणि मध्यभागी चमचा बर्फावर आपटतोय असं एकाच भांड्यात, एकाच वेळी घडतं. लहरी अन्नात साधारण एकदोन सेंटिमीटरच खोल जातात, त्यापुढची उष्णता आतून, एका थरातून दुसऱ्या थरात, वाहत जावी लागते. मध्ये ढवळायला सांगितलेलं असतं ते यासाठी. लझान्यासारखा थरांचा पदार्थ ढवळता येत नाही, त्यामुळे त्याच्या पाकिटावर बहुधा कमी शक्ती आणि जास्त वेळ लिहिलेला असतो.

ती कमी शक्तीही बदलून घ्यावी लागते, आणि हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पाकिटावर ‘50 टक्के शक्तीवर 12 मिनिटं’ असेल आणि पाकीट 1100 वॅटसाठी असेल, तर त्यांना सरासरी 550 वॅट अपेक्षित आहेत. तुमच्या 735 वॅटच्या यंत्राचे 50 टक्के म्हणजे फक्त 367. 550 भागिले 735 केलं तर 75 टक्के येतात. बटणांवर 70 आणि 80 असतील तर 70 घ्या आणि मिनिटभर वाढवा. साधं यंत्र 70 टक्के म्हणजे खरोखर मंद लहरी देत नाही, पूर्ण शक्तीने काही सेकंद चालतं आणि काही सेकंद थांबतं. कान देऊन ऐकलं तर घरघर बदलताना कळते. त्या थांबण्याच्या सेकंदांत उष्णता आत सरकते, आणि मंद शक्तीचा सगळा फायदा तोच आहे.

इथून आपण तिसऱ्या आकड्यावर येतो. पाकिटावर शेवटी ‘2 मिनिटं तसंच ठेवा’ असतं आणि भूक लागलेला माणूस ही ओळ वगळतो. अनेकांना वाटतं ती तोंड भाजू नये म्हणून आहे. खरं तर ती शिजवण्याचाच एक भाग आहे. यंत्र बंद झालं की कडेचा भाग कदाचित 95 अंशांवर असतो आणि मधला 60 वर. पुढची मिनिटं कडेची उष्णता मध्यभागी जाते, कड थोडी उतरते, मध्य चढतो. अन्नातून उष्णता फार सावकाश वाहते. एक सेंटिमीटर जाडीतला फरक बऱ्यापैकी सारखा व्हायला दोनतीन मिनिटं लागतात आणि जाडी दुप्पट झाली तर सुमारे चौपट वेळ लागतो. लहान पाकिटावर 1 किंवा 2 मिनिटं आणि चार माणसांच्या लझान्यावर 10 मिनिटं का असतात, हे त्या जाडीवरून ठरतं.

आणि म्हणूनच हा आकडा वॅटबरोबर बदलत नाही. उष्णता अन्नातून किती वेगाने वाहते याचा तुमच्या यंत्राशी काही संबंध नाही. 2 मिनिटांना दीडने गुणायची गरज नाही, आणि यंत्र जोरदार असलं म्हणून ती दीड मिनिटावर आणायची तर मुळीच नाही. उलट जोरदार यंत्राने शिजवण्याचा वेळ कमी झाला की उष्णता आत जायला मधल्या काळात कमी अवधी मिळालेला असतो, म्हणून तिथे मिनिटभर जास्तच ठेवावं. वरच्या 800 ते 1000 वॅटच्या उदाहरणात शिजवण्याचा वेळ मी 4 मिनिटं 48 सेकंद करेन आणि पाकिटावर ठेवायला 1 मिनिट सांगितलं असेल तर त्याची 2 मिनिटं करेन. झाकण किंवा प्लास्टिक या काळात काढायचं नाही, वाफ आत राहिली तर वरचा थरही तापत राहतो.

165 अंश फॅरेनहाइट कुठून आलं तेही इथेच सांगतो. 165 मधून 32 वजा करा, 133 राहतात, त्याला 5 ने गुणून 9 ने भागा, 73.9 येतात. म्हणजे 74 अंश सेल्सिअस. अमेरिकेत हा आकडा गाठला की पुरे असं सांगतात. ब्रिटनमध्ये मध्यभाग 70 अंश सेल्सिअसला 2 मिनिटं राहावा असा नियम आहे, आणि त्याच्याच बरोबरीचे पर्याय दिलेले आहेत: 75 अंशांना 30 सेकंद, 80 ला 6 सेकंद, आणि दुसऱ्या टोकाला 65 ला 10 मिनिटं. तापमान पाच अंशांनी चढलं की लागणारा वेळ चारपाच पटींनी घटतो. म्हणून जंतू मारण्याच्या कामात तापमान आणि वेळ ही एकाच हिशोबाची दोन टोकं आहेत, आणि यंत्र बंद झाल्यावरची ती दोन मिनिटं त्या हिशोबात धरलेली आहेत. ती वगळून खाणाऱ्याने पाकिटाच्या हिशोबातला एक तुकडा कापून टाकलेला असतो.

थर्मामीटर स्वस्त मिळतो, टोकदार काडीचा, मांस किंवा दूध तपासायचा. ठेवण्याचा वेळ संपल्यावर काडी अन्नाच्या सर्वांत जाड जागी, बहुधा मध्यभागी, खोचायची आणि आकडा स्थिर होऊ द्यायचा. भांड्याच्या तळाला टेकवायची नाही. नंतर अजून दोनतीन ठिकाणी पाहायचं, कारण मायक्रोवेव्हमध्ये थंड जागा नेहमी मध्येच असते असं नाही, कोपऱ्याजवळही सापडते. सर्वांत थंड आकडा तो खरा आकडा. आपल्या पास्त्यात समजा कडेला 88, एका कोपऱ्यात 76 आणि मध्ये 66 मिळाले. तर ढवळायचं, पूर्ण शक्तीवर आणखी एक मिनिट, पुन्हा दोन मिनिटं ठेवायचं आणि पुन्हा मोजायचं. वाफ दिसतेय, भांडं हाताला चटका देतंय, रस्सा बुडबुडतोय, या खुणांवर विसंबू नये. 2007 मधल्या त्या पायही वाफाळत होत्या.

हे सगळ्या पाकिटांना सारखंच लागू नाही. आधी पूर्ण शिजवून गोठवलेलं बिर्याणीचं किंवा पास्त्याचं पाकीट थोडं कमी तापलं तर सहसा धोका कमी असतो, चव बिघडते. पण काही पदार्थ बाहेरून तळल्यासारखे सोनेरी दिसतात आणि आत कच्चे असतात. अमेरिकेत चीज भरलेल्या, पावाचा चुरा लावलेल्या चिकनच्या अशा तुकड्यांमुळे साल्मोनेलाचे उद्रेक झाले आहेत. पाकिटावर ‘कच्चे’ किंवा ‘मायक्रोवेव्ह करू नका’ असं असेल तर कुठलाही वॅटचा हिशोब त्याला मायक्रोवेव्हचा पदार्थ बनवू शकत नाही.

ओव्हनचा हिशोब यापेक्षा सोपा आहे. तिथे वेळ जवळजवळ तोच राहतो, बदलतं ते तापमान. पाकिटावरच्या 375 मधून 32 वजा केले की 343, गुणिले 5 भागिले 9, म्हणजे 190.6. बटण 190 वर फिरवायचं आणि 45 मिनिटं तशीच ठेवायची. रोजच्या पाकिटांवर तेच चारपाच आकडे फिरून येतात: 350 म्हणजे 180 सेल्सिअस, 400 म्हणजे 200, 425 म्हणजे 220. ब्रिटिश पाकिटावर याशिवाय गॅस मार्क असतो. गॅस मार्क 1 म्हणजे 275 फॅरेनहाइट, आणि पुढे प्रत्येक मार्काला 25 अंश वाढतात. त्या हिशोबाने 4 म्हणजे 350, आपलं 375 म्हणजे 5, आणि 6 म्हणजे 400.

पंख्याचा ओव्हन असेल तर मात्र तापमान 20 अंश सेल्सिअसने कमी करायचं, कारण वाहती गरम हवा पदार्थाला जास्त वेगाने उष्णता देते. 190 चे 170. ब्रिटिश पाकिटावर दोन्ही आकडे शेजारी छापलेले असतात, अमेरिकी पाकिटावर बहुतेकदा एकच असतो आणि तो पंख्याशिवायचा असतो. आपल्याकडचा कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह हाही पंख्याचाच ओव्हन आहे. बऱ्याच यंत्रांत तो 200 किंवा 220 पर्यंतच जातो. पाकिटावर 425 फॅरेनहाइट, म्हणजे 220 सेल्सिअस असेल तर पंख्यासाठी 200 पुरतात, त्यामुळे ही मर्यादा सहसा आड येत नाही. फक्त यंत्र आधी रिकामं तापवून घ्यावं, आणि ‘मायक्रो’चं बटण चुकून चालू नाही ना हे पाहावं.

आपल्या छोट्या ओटीजीची गोष्ट वेगळी. पोकळी लहान, तापणाऱ्या सळ्या अन्नापासून एका वितीवर. पाकिटावरचा आकडा मोठ्या ओव्हनमध्ये तपासून लिहिलेला असतो. म्हणून ओटीजीत पारी किंवा चीज 20 मिनिटांत काळं पडतं आणि आत गारवा राहतो. तापमान वाढवून वेळ वाचवायचा प्रयत्न इथे सर्वांत महागात पडतो. उपाय असा की पदार्थ सर्वांत खालच्या कप्प्यावर ठेवावा, वरून अॅल्युमिनियमची फॉइल सैलसर झाकावी आणि शेवटची 10 मिनिटं ती काढावी. ओटीजीच्या बटणावरचे आकडेही फारसे विश्वासाचे नसतात, आत ठेवायचा ओव्हन थर्मामीटर लावला तर 190 वर फिरवलेलं बटण प्रत्यक्षात 170 किंवा 210 दाखवतं असा अनुभव येतो. फ्रीझरमधून काढलेलं थंड भांडं आत गेल्यावर तापमान आणखी उतरतं, म्हणून आधी 15 मिनिटं चांगलं तापवून घ्यावं.

ट्रे काढायचा की ठेवायचा, हे पाकिटावर वाचल्याशिवाय ठरवू नका. ओव्हनसाठी बनवलेला काळा कडक ट्रे साधारण 200 अंशांपर्यंत टिकतो, पण फक्त मायक्रोवेव्हसाठी बनवलेला पांढुरका, मऊ ट्रे त्या उष्णतेत वितळतो. सूचनांत ‘ओव्हन’ असा शब्दच नसेल तर पदार्थ आपल्या काचेच्या किंवा धातूच्या भांड्यात काढून घ्यावा. धातूचं भांडं असेल तर अर्थातच मायक्रोवेव्ह नव्हे.

घरात पाहुणे आले की दोन पाकिटं एकदम लावायची वेळ येते, आणि दोन्ही यंत्रांतला फरक तेव्हा सर्वांत स्पष्ट कळतो. ओव्हनमध्ये हवा सगळ्या बाजूंनी आहे, दोन ट्रेमध्ये हात जाईल एवढी जागा सोडली तर वेळ फारसा बदलत नाही, पाचदहा मिनिटं वाढवली की झालं. मायक्रोवेव्हमध्ये तेच 735 वॅट आता दोन वाटण्यांत जातात. आपला पास्ता दुप्पट झाला तर साडेसातच्या जागी जवळजवळ 15 मिनिटं, आणि ढवळल्यानंतर 6. यंत्राला लहान वजनापेक्षा मोठ्या वजनावर शक्ती चांगली देता येते, त्यामुळे पूर्ण दुप्पट लागत नाही, पण दोन ट्रे फिरत्या काचेवर एकमेकांना अडवतात आणि उष्णता असमान पडते. मी तरी पाकिटं एकामागोमाग एक करेन. पहिलं बाहेर आपली दोन मिनिटं पुरी करत असताना दुसरं आत जातं, आणि तेवढ्या वेळात पहिल्याचं तापमानही मोजून होतं.